घरमालक परगावी, स्लॅब गळतोय : मोठ्या दुरुस्तीची मंजुरी मागणारं टिपण कसं लिहावं

अनगोळ, वडगाव, टिळकवाडी भागात अशी बरीच घरं आहेत की मालक पुण्याला, मुंबईला नाहीतर गोव्यात, आणि घर भाड्याने. भाडं गोळा करणं, नळाची तोटी बदलणं, घरपट्टी भरणं ही कामं इथला कोणीतरी विश्वासू माणूस बघतो. कधी तो नात्यातला असतो, कधी शेजारचा, कधी भाड्यावर टक्केवारी घेऊन हेच काम करणारा. हजार-दोन हजारांचा खर्च तो फोनवर सांगून करून टाकतो. पण गच्चीचा स्लॅब गळायला लागला आणि आकडा लाखांत गेला की फोन पुरत नाही. मालकाला घर दिसत नसतं, दर माहीत नसतात, आणि 'एवढा खर्च कशाला?' ही शंका मनात येतेच. इकडे देखभाल करणाऱ्यालाही वाटतं, उद्या काही बिनसलं तर खापर आपल्या डोक्यावर.

अशा वेळी एक लेखी टिपण दोघांनाही वाचवतं. ते कसं असावं हे एका नमुन्यावरून पाहू. खालचं घर, माणसं आणि आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. दर ज्याने त्याने आपल्या भागात विचारून घ्यावेत.

घर आणि बिघाड

अनगोळमधलं तीस वर्षांचं दुमजली घर. गच्ची ९०० चौरस फूट. खाली एक भाडेकरू, वर एक. दोन्ही मिळून महिन्याला २५,००० रुपये भाडं. मालक पुण्यात, वय सत्तरीच्या पुढे. देखभाल बघणारा त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. भाड्यावर आठ टक्के घेतो आणि १०,००० रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करायची त्याला मुभा आहे.

गेल्या पावसाळ्यात वरच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. दिवाळीनंतर रंगाचे पापुद्रे सुटले. फेब्रुवारीत एक दिवस सकाळी ओट्याच्या बाजूला छताचा ताटाएवढा तुकडा पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. वर बघितलं तर गंजलेल्या सळ्या उघड्या.

टिपणाची सुरुवात इथूनच होते. आधी बिघाड, मग तातडी. दराची भाषा नंतर.

> आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.
>
> वरच्या स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा पडला, ते मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. हे पत्र त्याच्या दुरुस्तीला तुमची मंजुरी मागण्यासाठी आहे. खर्च २,६७,२७० रुपये आहे, आणि २० मार्चपर्यंत तुमचा होकार किंवा नकार हवा आहे. कारणं खाली देतो.
>
> तुकडा पडला त्याच दिवशी स्वयंपाकघरात छताला लोखंडी टेकू लावून घेतले, ३,५०० रुपये. नंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणून छत दाखवलं, ६,००० रुपये. दोन्ही मिळून ९,५०० होतात, म्हणजे तुम्ही दिलेल्या मर्यादेतच. पावत्या आणि फोटो सोबत आहेत.

रक्कम आणि तारीख पहिल्याच परिच्छेदात आहेत, हे लक्षात घ्या. चार पानं वाचल्यावर शेवटी आकडा आला की मालकाला आपल्याला हळूहळू तिकडे ढकललं असं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे आधीच केलेला खर्च उघड सांगितला आहे. तो लपवून नंतर हिशेबात दाखवला तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

गळती की गंज? आधी हे ठरवा

छत ओलं दिसलं की बहुतेक जण गच्चीवर लेप मारायचा विचार करतात. पण सळ्या दिसायला लागल्या म्हणजे प्रश्न नुसत्या पाण्याचा राहिलेला नसतो. काँक्रीटमध्ये मुळात क्षार असतात, त्यामुळे आतलं लोखंड गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन वायू आत झिरपत गेला की हा गुण कमी होतो. त्यात ओल आली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि खालचा थर फुटून पडतो. वरून पाणी थांबवलं तरी सुटलेला थर परत चिकटत नाही, आणि झिजलेली सळी भरून येत नाही.

इंजिनिअरने इथे तीन गोष्टी केल्या. पहिली, छत हातोडीने ठोकून बघितलं. चांगलं काँक्रीट टणक वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेली जागा खडूने आखून मोजली, ती १२० चौरस फूट भरली. दुसरी, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण मारलं. गुलाबी रंग आला तर क्षार शाबूत, रंग आलाच नाही तर तिथे लोखंडाचं संरक्षण गेलेलं. तिसरी, उघडी सळी ब्रशने घासून तिची जाडी मोजली. हे शेवटचं माप फार महत्त्वाचं आहे. ८ मिलीमीटरची सळी झिजून ७ मिलीमीटर झाली तर नजरेला फरक कळतही नाही, पण तिचं लोखंड सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं असतं. एवढी झीज असेल तर जोडीला नवी सळी द्यावी लागते.

टिपणात हे सगळं शास्त्र नको. निष्कर्ष पुरेत.

> इंजिनिअरचं म्हणणं असं : छताचा १२० चौरस फूट भाग आतून सुटलाय, मुख्यतः स्वयंपाकघर आणि न्हाणीवर. बाकी स्लॅब सध्या ठीक आहे. गच्चीवरचा जुना कोबा जागोजागी पोकळ झालाय आणि त्यात पाणी मुरून राहतं. सळ्या दोन ठिकाणी झिजल्यात, तिथे नवी सळी जोडावी लागेल. त्यांचं दोन पानी पत्र सोबत आहे.

दोन दरपत्रकं, पण काम एकच आहे का?

खरी मेख इथे असते. पहिलं दरपत्रक एका मिस्त्रीचं. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा लेप, ९०० चौरस फूट, ४५ रुपये दराने ४०,५०० रुपये. छताला आतून गिलावा, ठोक १८,००० रुपये. एकूण ५८,५०० रुपये. दुसरं एका ठेकेदाराचं. जुना कोबा काढून वाहून नेणं ३१,५०० रुपये. छताचा सुटलेला भाग फोडणं, सळ्या साफ करून गंजरोधक लेप देणं, लागेल तिथे नवी सळी आणि पॉलिमर मॉर्टर भरणं, १२० चौरस फूट, ५५० रुपये दराने ६६,००० रुपये. उतार काढून नवा ब्रिकबॅट कोबा, १३० रुपये दराने १,१७,००० रुपये. टेकू आणि पराती १२,००० रुपये. बेरीज २,२६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४०,७७०, एकूण २,६७,२७० रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवून मालकाला पाठवले की तो काय म्हणणार? 'दोन लाखांचा फरक! स्वस्तातला घे.' त्याची चूक नाही. चूक टिपण लिहिणाऱ्याची, कारण ही दोन दरपत्रकं दोन वेगळ्या कामांची आहेत. पहिल्यात जुना कोबा काढणं नाही, सळ्यांचं काम नाही, टेकू नाहीत. पोकळ कोब्यावर लेप मारला की आत मुरलेलं पाणी कोंडतं, आणि ते खाली स्लॅबकडेच वाट काढतं. वरून आणखी एक कोबा घालायचा सल्लाही काही जण देतात. तो तर घातक. चार इंच जाडीचा कोबा ९०० चौरस फुटांवर पंधरा टनांच्या आसपास भरतो. आधीच कमकुवत झालेल्या स्लॅबवर तेवढंच ओझं दुसऱ्यांदा ठेवायचं नाही.

म्हणून आधी कामांची एक यादी करावी, इंजिनिअरच्या पत्रावरून, आणि त्याच यादीवर दोघांकडून दर परत मागावेत. मिस्त्रीने याच यादीवर दिलेले दर असे : कोबा काढणं २७,०००, छत आणि सळ्या ४८,०००, नवा कोबा ९९,०००, टेकू ९,०००. एकूण १,८३,००० रुपये, जीएसटी नाही. म्हणजे एकाच कामावर दोघांतला फरक ८४,२७० रुपये. त्यातले ४०,७७० नुसत्या कराचे. कामाच्या दरातला खरा फरक ४३,५०० रुपये.

आपल्या सीमाभागातली एक वेगळी अडचण इथेच सांगायला हवी. दरपत्रक बऱ्याचदा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतं, आणि पुण्या-मुंबईतल्या मालकाला कन्नड वाचता येत नाही. अशा वेळी नुसती बेरीज मराठीत सांगू नये. एकेक ओळ मराठीत उतरवून द्यावी आणि मूळ कागदाचा फोटो जोडावा. 'समाविष्ट नाही' असं लिहिलेल्या ओळी आधी उतरवाव्यात, भांडणं त्यांच्यावरूनच होतात.

> काका, सुरुवातीला आलेले ५८,५०० आणि २,६७,२७० हे आकडे एका कामाचे नव्हते, म्हणून दोघांकडून एकाच यादीवर परत दर घेतले. आता मिस्त्री १,८३,००० म्हणतो, ठेकेदार २,६७,२७०.
>
> एक गोष्ट आधीच सांगतो. मिस्त्री माझ्या मावसभावाचा मेहुणा आहे. ठेकेदाराशी माझं काही नातं नाही. दोघांकडूनही मी काही घेत नाही आणि घेणार नाही.

नात्याचा उल्लेख करायला अवघड वाटतं, पण तो करावाच. मालकाला ही गोष्ट नंतर बाहेरून कळली तर चांगलं झालेलं कामही संशयाचं होतं. भारतीय करार कायदा १८७२ मध्येही यासाठी कलमं आहेत. मालकाच्या कामात प्रतिनिधीने त्याला न सांगता स्वतःसाठी व्यवहार केला, तर कलम २१६ प्रमाणे त्यातला फायदा मालक मागू शकतो. अडचणीच्या प्रसंगी मालकाशी संपर्क साधून सूचना घेण्यासाठी योग्य ती सगळी धडपड करणं हे प्रतिनिधीचं कर्तव्य आहे, असं कलम २१४ सांगतं. आणि नुकसान टाळण्यासाठी तातडीने जे शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत करील ते करायचा अधिकार कलम १८९ देतं. टेकू लावणं त्यात बसतं. अडीच लाखांचं काम परस्पर सुरू करणं बसत नाही, कारण मालकाला विचारायला वेळ आहे.

शिफारस : बाजू घ्या, उणंही सांगा

'दोन्ही दर पाठवलेत, तुम्ही ठरवा' असं लिहिणं म्हणजे जबाबदारी झटकणं. घर तुम्ही बघितलंय, मालकाने नाही. मात्र शिफारशीबरोबर तिची उणी बाजूही लिहावी.

> माझं मत ठेकेदाराकडून काम करून घ्यावं असं आहे, ८४,२७० रुपये जास्त जात असले तरी. तीन कारणं.
>
> पहिलं म्हणजे वेळ. काम २५ दिवसांचं आहे. ठेकेदार १ एप्रिलला सुरू करतो, महिनाअखेरच्या आत संपतं. मिस्त्रीकडे लग्नसराईआधीची कामं अडकलीत, तो ५ मेच्या आधी येत नाही म्हणतो. म्हणजे काम मेअखेरीस. मध्ये वळीव आला तर कोबा काढलेली गच्ची उघडी पडेल, आणि जूनमध्ये आपल्याकडे पाऊस थांबत नाही.
>
> दुसरं, सळ्यांचं काम मिस्त्रीने स्वतः आजवर केलेलं नाही, दुसऱ्याकडून करून घेणार आहे. ठेकेदाराने केलेली दोन घरं मी जाऊन बघितली. एकाला चार पावसाळे झालेत, छत कोरडं आहे.
>
> तिसरं, ठेकेदार पाच वर्षांची हमी लिहून देतो. मिस्त्री एक वर्षाची, तीही तोंडी.
>
> उणं काय तेही सांगतो. हमी गळतीची आहे, छताच्या आतल्या कामाची नाही. ती वाढवून मागितली, तो तयार नाही. आणि जीएसटीचे ४०,७७० परत मिळणार नाहीत.

जीएसटीबद्दल मालक हमखास विचारतात. राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घराच्या भाड्यावर सर्वसाधारणपणे जीएसटी लागत नाही, त्यामुळे दुरुस्तीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. प्राप्तिकरातही गैरसमज असतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्क्यांची ठरावीक वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी. अडीच लाख खर्च केले म्हणून ती वाढत नाही.

मंजुरी कशाला? नेमकं मागा

छताचं काम उघडल्याशिवाय पुरतं कळत नाही. ठोकून १२० फूट निघालेला भाग फोडताना १५० होऊ शकतो. मग रोज फोन : 'काका, अजून वाढलं.' यात मालक वैतागतो आणि ठेकेदार फावल्यासारखा बिल वाढवतो. यावर उपाय म्हणजे वाढीव कामाचा दर आणि हद्द आधीच ठरवणं.

> म्हणून मंजुरी अशी मागतो :
>
> १. ठेकेदाराला २,६७,२७० रुपयांचं काम देणं.
>
> २. छताचा सुटलेला भाग जास्त निघाला तर आणखी ६० चौरस फुटांपर्यंत त्याच ५५० च्या दराने काम करणं. करासह याचे जास्तीत जास्त ३८,९४० होतात. म्हणजे एकूण खर्च कोणत्याही परिस्थितीत ३,०६,२१० च्या वर जाणार नाही.
>
> ३. १८० फुटांच्या वर गेलं तर काम थांबवून इंजिनिअरला परत बोलवीन आणि तुम्हाला विचारीन.
>
> ४. वरच्या भाडेकरूंचं स्वयंपाकघर आठ दिवस बंद राहील. त्यांना त्या महिन्याच्या भाड्यात ३,००० रुपये सूट.
>
> पैसे असे द्यायचे : सुरुवातीला २० टक्के, जुना कोबा निघून छताचं काम इंजिनिअरने बघितल्यावर ३० टक्के, पाण्याची चाचणी झाल्यावर ४० टक्के. उरलेले १० टक्के, म्हणजे २६,७२७ रुपये, दसऱ्याला. पावसाळाभर छत कोरडं राहिलं तरच. ठेकेदाराला हे मान्य आहे.

पाण्याची चाचणी म्हणजे गच्चीची पन्हाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ ते ७२ तास साठवायचं आणि खालून छत बघत राहायचं. ठिपका दिसला तर खडूने आखून फोटो काढायचा. ही चाचणी दरपत्रकात लिहिलेली नसेल तर लिहून घ्यावी. शेवटचा हप्ता मागे ठेवण्याला ठेकेदार कुरकुर करतात, पण पहिल्या पावसातली गळती बघायला तो परत यावा यासाठी त्याच्याएवढा दुसरा उपाय नाही.

'नको' म्हटलं तर काय?

चांगल्या टिपणात हा परिच्छेद असतोच. मालकाला नकार देण्याचा हक्क आहे, पण त्याने काय होईल हे माहीत असायला हवं. धमकीच्या सुरात मात्र नको.

> काका, यंदा जमणार नसेल तर तसं सांगा, मी समजू शकतो. मग वरचा मजला रिकामा करून घ्यावा लागेल, कारण टेकूंवर पावसाळा काढणं इंजिनिअरला मान्य नाही. महिन्याचं १२,००० भाडं जाईल आणि काम दिवाळीनंतर करावं लागेल. तोपर्यंत आणखी एक पावसाळा स्लॅबमध्ये मुरेल, तेव्हा सुटलेला भाग वाढलेलाच असेल.
>
> दुरुस्तीचा खर्च म्हणजे दोन्ही भाड्यांचे पावणेअकरा महिने. मोठा आकडा आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं. काकूंना नमस्कार.

यात भाडेकरूचा विषयही येतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८(एफ) प्रमाणे, करारानुसार जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. म्हणून भाडेकरूने तक्रार कधी केली त्याची तारीखही टिपणाला जोडावी, आणि करारात दुरुस्ती कोणाकडे आहे ती ओळ काढून ठेवावी.

मालकाने उत्तर देताना

'ठीक आहे, कर' एवढं उत्तर पुरत नाही. टिपणातले चारही मुद्दे क्रमांकासह लिहून कोणते मान्य, कोणते नाही ते कळवावं. कलम १८७ प्रमाणे अधिकार तोंडीही देता येतो आणि लेखीही, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालतो. फोनवर होकार दिला असेल तर देखभाल करणाऱ्याने त्याच दिवशी संदेश टाकावा : 'आज बोलल्याप्रमाणे १ ते ४ मान्य, खर्चाची हद्द ३,०६,२१०.' पलीकडून 'बरोबर' आलं की झालं.

मालकाला शंका असेल तर तिसरं दरपत्रक मागवण्यापेक्षा इंजिनिअरला स्वतः एक फोन करणं जास्त उपयोगाचं. त्याला दोनच प्रश्न विचारावेत : १२० फूट तुम्ही स्वतः ठोकून मोजलेत का, आणि नुसत्या लेपावर हे काम भागेल का? तिसरा दर येईपर्यंत पंधरा दिवस जातात, आणि मार्चमधले पंधरा दिवस अनगोळात गच्चीच्या कामाला फार मोलाचे असतात.